उलटी थांबली म्हणजे अडथळा सुटला असे नाही

पाळीव कुत्र्याला उलट्या होऊ लागल्या की उलटी थांबवण्याचे इंजेक्शन द्यायचे आणि दोन दिवस वाट पाहायची, ही सवय गावोगावी आहे. बिघडलेल्या पोटावर ती बहुधा खपून जाते. पण कुत्र्याने मोजा किंवा खेळण्याचा तुकडा गिळला असेल, तर हेच दोन दिवस त्याच्या जिवावर बेततात. हरसूलसारख्या ठिकाणी तर ते जास्तच महाग पडतात. जवळच्या दवाखान्यात तपासणी होते, सलाइन लागते. पण एक्स-रे, सोनोग्राफी आणि पोटाचे ऑपरेशन यांसाठी बहुतेकदा नाशिकच गाठावे लागते. त्यामुळे निघायचे कधी, हा निर्णय घरातच घ्यावा लागतो.

समजा, वीस किलोच्या कुत्र्याने सोमवारी संध्याकाळी लहान मुलाचा मोजा गिळला. रात्री ते नेहमीसारखे जेवते, कारण मोजा अजून जठरात आहे. तिथे तो कधी कधी कित्येक दिवसही पडून राहतो. मंगळवारी तो लहान आतड्यात सरकतो आणि अडकतो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते, मागे पाणी आणि वायू साचतो, आतडे फुगते. आधी खाल्लेले उलटून पडते, मग पिवळा फेस, आणि शेवटी प्यायलेले पाणीही. बुधवारी कुत्रे कोपऱ्यात पडून राहते. फुगलेल्या भागाच्या भिंतीतला रक्तपुरवठा दबतो, ती भिंत काळी पडते आणि फाटते. आतली घाण पोटात पसरली की कुत्रे वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते.

या क्रमात फसवणारी गोष्ट म्हणजे शी. अडथळ्याच्या पुढे आतड्यात जे आधीपासून असते ते बाहेर पडतच राहते. अडथळा अर्धवट असेल तर पातळ जुलाबही होतात. ‘शी होते आहे, म्हणजे पोट मोकळे आहे’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. खरी खूण पाण्याची आहे. दोनदा पाणी पाजले आणि दोन्ही वेळा ते उलटून पडले, तर त्याच दिवशी निघावे. पोटाला हात लावताच कुत्रे आखडत असेल, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरत असेल, तर संशय पक्का समजावा. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला नाही, किंवा हिरडी कोरडी, चिकट लागली, तर वेळ फारच थोडा उरलेला असतो.

मोजा उसवला तर धोका वेगळा असतो. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे जाते. नाडी ओढल्यावर नेफा चुणतो तसे आतडे दोऱ्यावर गोळा होते आणि ताणलेला दोरा ते आतून कापत जातो. म्हणून गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. एरंडेल पाजू नये, आणि मीठ पाजून घरी उलटी काढण्याचा प्रयत्नही करू नये. गिळल्याला तासदीड तासच झाला असेल, तर डॉक्टर औषधाने उलटी करवू शकतात. मोजा जठरातच असताना दुर्बिणीनेही तो काढता येतो. आतड्यात अडकला की पोट उघडण्याखेरीज उपाय राहत नाही. आतडे जिवंत असेल तर छोटा छेद देऊन वस्तू काढतात. मेले असेल तर तेवढा भाग कापून टोके जोडावी लागतात, आणि तो जोड पुढचे पाच दिवस काळजीचा असतो.

इंजेक्शनाचा आग्रह इथेच घातक ठरतो. मेटोक्लोप्रमाइडसारखे औषध उलटी दाबते, शिवाय जठर आणि आतड्याची हालचाल वाढवते. पुढे वाट बंद असताना ती हालचाल आतड्यालाच इजा करते. दुसरी औषधे नुसती उलटी थांबवतात, म्हणजे रोगाची सर्वांत मोठी खूणच पुसतात. दोष औषधाचा नाही. पोट चाचपण्याआधी ते मागणाऱ्या घाईचा आहे.

डॉक्टरांना पहिले वाक्य म्हणून ‘घरातला एक मोजा सापडत नाही’ हे सांगावे आणि त्याच्या जोडीचा दुसरा मोजा सोबत न्यावा. नाहीतर उलट्या-जुलाब पाहून पार्व्हो किंवा विषबाधेचा संशय आधी येतो. कापड एक्स-रेत सहसा दिसत नाही. दिसतात ती वायूने फुगलेली आतडी. म्हणून ‘एक्स-रेत काही निघाले नाही’ एवढ्यावर परत न फिरता सोनोग्राफीबद्दल विचारावे. आंब्याची कोय किंवा मक्याच्या कणसाचा दांडा गिळला, तरी हाच नियम लागू पडतो.