खूण नसलेले स्त्रीलिंग
अरबीत स्त्रीलिंगी नामाची खूण म्हणून शब्दाच्या शेवटची गोल 'ता' शिकवतात. पण यद (हात), ऐन (डोळा), उज़्न (कान), रिज्ल (पाय) यांना ती नाही, तरी चारही स्त्रीलिंगी. मराठीत नेमके चारही पुल्लिंगी, म्हणून आपली जीभ इथे हमखास घसरते. अशा वेळी शेजारचे शब्द बघावेत: 'हाज़िही ऐन कबीरा', म्हणजे हा मोठा डोळा आहे. यातले दर्शक सर्वनाम आणि विशेषण, दोन्ही स्त्रीलिंगी. याहून पक्की कसोटी लघुत्वदर्शक रूपाची. लाडाने 'छोटासा कान' म्हणायचे तर उज़्नचे 'उज़ैना' होते, आणि लपलेली 'ता' बाहेर येते. जोडीचा अवयव स्त्रीलिंगी, हा ठोकताळा बहुतेकदा चालतो. मात्र खद्द (गाल) आणि हाजिब (भुवई) जोडीने असूनही पुल्लिंगीच.