‘आढळले नाही’ या शब्दांमागचा कोरा नमुना

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात पोहोचली आणि तेथील तपासणीत त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष निघाले. शेतकरी ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात, तेच हे वाढरोधक. वेलीचा जोम आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरले जात होते, पण निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. युरोपीय संघाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो होती. हा आकडा विषारीपणाच्या हिशेबातून आलेला नव्हता. नेहमीच्या तपासणीत विश्वासाने मोजता येईल असे सर्वांत कमी प्रमाण, हाच त्याचा आधार होता. म्हणजे बागाईतदाराचे भवितव्य ज्या रेषेवर ठरत होते, ती रेषा मुळात मापनशास्त्राची होती.

या प्रकरणानंतर तपासणीची यादी वाढली आणि ते आवश्यकच होते. परंतु यादीत रसायनाचे नाव असणे आणि प्रयोगशाळेला ते त्या पातळीवर खरोखर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांना अर्थ येतो तो शोधमर्यादेमुळे, म्हणजे एलओडीमुळे. आणि मोजलेला आकडा विश्वासार्ह ठरतो तो परिमाणन मर्यादेच्या, म्हणजे एलओक्यूच्या वर. या दोन्ही मर्यादा बहुधा कोऱ्या नमुन्यांच्या वाचनांवरून काढल्या जातात. ती वाचने न दाखवता दिलेली मर्यादा स्वीकारू नये, असे आग्रहाने म्हणण्याची वेळ आली आहे.

कोरा नमुना म्हणजे ज्यात ते रसायन नाही असा नमुना. तरीही यंत्र त्याला शून्य दाखवत नाही. थोडा संकेत उमटतोच आणि प्रत्येक वेळी तो किंचित बदलतो. या चढउताराचे माप म्हणजे प्रमाण विचलन. रूढ पद्धत अशी की, या विचलनाच्या तिपटीला कॅलिब्रेशन रेषेच्या उताराने भागले की शोधमर्यादा मिळते आणि दहापटीला भागले की परिमाणन मर्यादा मिळते.

उदाहरणादाखल चेन्नईतील एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल कल्पावा. आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत. सीसीसी कधीच न वापरलेल्या बागेतील द्राक्षांचे दहा कोरे अर्क तयार केले. त्यांची वाचने अशी आली: ११८, १२६, १०९, १३१, १२२, ११५, १२८, ११२, १२४, ११५. सरासरी १२०, प्रमाण विचलन ७.३. कॅलिब्रेशनचा उतार १२, म्हणजे मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम रसायन वाढले की वाचन १२ ने वाढते. तिप्पट विचलन २१.९, त्याला १२ ने भागता शोधमर्यादा सुमारे १.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर येते. दहापटीवरून परिमाणन मर्यादा ६.१ येते.

हे आकडे अर्काचे आहेत, द्राक्षाचे नाहीत. १० ग्रॅम द्राक्षांपासून २० मिलिलिटर अर्क केला असेल, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम द्राक्ष असते. म्हणून आकडे दुप्पट करावे लागतात. परिमाणन मर्यादा १२.२ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम, अर्थात ०.०१२ मिलिग्रॅम प्रति किलो ठरते. ०.०५ च्या मर्यादेच्या ती बरीच खाली आहे. अशा प्रयोगशाळेचा निकाल निर्यातीच्या निर्णयाला पुरेसा आहे.

आता याच यंत्रावर द्राक्षाच्या अर्काऐवजी नुसते द्रावक घालून कोरी वाचने घेतली असे समजावे. द्रावकात साखर, आम्ले, रंगद्रव्ये नसतात. त्यामुळे विचलन २.२ इतके लहान आणि उतार २० इतका मोठा आला. मग परिमाणन मर्यादा ०.००२२ मिलिग्रॅम प्रति किलो निघते, म्हणजे आधीपेक्षा पाचपटींहून अधिक सरस. कागदावर प्रयोगशाळा अधिक तरबेज दिसते. प्रत्यक्षात तिने द्राक्ष मोजलेलेच नाही. द्राक्षातील इतर घटक सीसीसीचा संकेत दाबतात आणि गोंधळही वाढवतात. म्हणून ‘कोरा नमुना कशाचा होता?’ हा अहवालाला विचारण्याचा पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न संख्येचा. दहा वाचनांवरून काढलेले विचलनही केवळ अंदाज असतो. ७.३ च्या मागे खरे विचलन ५ ते १३.३ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. म्हणजे ०.०१२ च्या जागी खरी मर्यादा ०.०२२ ही असू शकते. तीन-चार वाचनांवर, तीही एकाच दिवशी एकाच माणसाने घेतलेल्या, ही अनिश्चितता फार वाढते. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या वाचनांतच यंत्राचा खरा स्वभाव दिसतो. विचलन ३५ पर्यंत गेले तर याच हिशेबाने परिमाणन मर्यादा ०.०५८ होते आणि ०.०५ च्या रेषेजवळचा कोणताही आकडा विश्वासाने सांगता येत नाही.

तिसरी अडचण आधुनिक यंत्रांची आहे. द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या संगणकाला शिखर सापडले नाही, तर तो कोऱ्या नमुन्यासमोर सरळ शून्य लिहितो. दहाही वाचने शून्य असली की विचलन शून्य आणि मर्यादाही शून्य! हे यंत्राचे सामर्थ्य नव्हे, संगणकाच्या नियमाचा परिणाम आहे. अशा वेळी कोऱ्या द्राक्षात मुद्दाम अल्प मात्रेत सीसीसी मिसळून ती परत किती मिळते ते पाहावे लागते. युरोपीय संघाच्या कीडनाशक-अवशेष विश्लेषणाच्या मार्गदर्शिकेचा कल याच बाजूचा आहे: ज्या सर्वांत कमी मात्रेवर परतप्राप्ती साधारण ७० ते १२० टक्के आणि पुनरावृत्तीतील फरक २० टक्क्यांच्या आत राहतो, ती परिमाणन मर्यादा. कोऱ्या वाचनांचा हिशेब कोणत्या मात्रेवर ही चाचणी घ्यावी ते सुचवतो; तो चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना समजावून द्यायला हवी. अवशेष शोधमर्यादेइतकाच असेल, तर तिप्पट विचलनाच्या रेषेवर तो साधारण निम्म्या वेळा हुकतो. म्हणून ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. ‘या मर्यादेच्या फार वर नाही’ इतकाच होतो.

प्रयोगशाळांनी प्रत्येक अहवालात चार ओळी छापाव्यात: कोरा नमुना कशाचा, वाचने किती व किती दिवसांची, मर्यादा द्राक्षाच्या किलोमागे किती, आणि ती कोणत्या मिसळलेल्या मात्रेवर पडताळली. या ओळी नसतील तर निर्यातदाराने व शेतकरी गटाने त्या मागून घ्याव्यात. तपासणीचे शुल्क तेच देतात आणि कंटेनर परत आल्यास तोटाही त्यांनाच सोसावा लागतो.