‘शुद्धीतच नव्हतं की गं ते!’

रविवारी सकाळी सव्वासहाला मोबाइल वाजला की समजायचं, फोन गावाकडचा आहे. पुण्यात त्या वेळेला कुणी जागं नसतं आणि असलंच तर ते नुकतंच पार्टीवरून परत आलेलं असतं.

गेल्या वर्षीचा हा फोन मैंदर्गीहून होता. अक्कलकोट ओलांडून पुढे गेलं की कर्नाटकच्या सीमेजवळ लागतं ते माझं आजोळ. मामांचा आवाज कापत होता. आदल्या रात्री वरातीत डीजेवर गाणं कुठलं लावायचं यावरून बाचाबाची झाली आणि माझ्या मामेभावाने एकाच्या डोक्यात लाकडी दांडका घातला. समोरच्या पोराच्या डोक्याला आठ टाके पडले होते. सुदैवाने त्याच्या जिवावरचं टळलं होतं. आमचं पोरगं मात्र पोलिसांच्या ताब्यात आणि कागदावर कलम लागलं होतं खुनाच्या प्रयत्नाचं.

“तू वकील आहेस, एवढंच सांग,” मामा म्हणाले. “पिलेलं होतं म्हटल्यावर सुटेल की नाही? शुद्धीतच नव्हतं की गं ते!”

मित्रांनो, हसू नका. हाच प्रश्न मला ऑफिस पार्टीनंतरच्या सोमवारी टाय लावलेली मंडळीही विचारतात. तिथे फक्त दांडक्याच्या जागी कार असते.

मामांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आपल्या कायद्यात नशेचा बचाव आहे, पण त्याचं दार फार अरुंद आहे. आधी दंड संहितेचं ८५ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २३ वं आहे, मजकूर जवळपास तोच. नशेमुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच उरली नसेल तर गुन्हा माफ. पण एक अट आहे. ती नशा तुमच्या नकळत किंवा तुमच्या इच्छेविरुद्ध चढवलेली हवी. म्हणजे सरबतात कुणीतरी गुपचूप काही मिसळलं तर! आणि तेही सिद्ध तुम्हीच करायचं. स्वतःच्या हाताने ग्लास भरलात की हे दार बंद.

“मग काय, प्यायलेल्याला आणि शुद्धीतल्याला एकच माप?” मामांनी विचारलं. अगदी तसंही नाही. पुढच्या कलमात, जुन्या ८६ आणि नव्या २४ मध्ये, खरी गंमत आहे. काही गुन्ह्यांत नुसती कृती पुरत नाही. माणसाला परिणामाची जाणीव होती किंवा त्याचा विशिष्ट हेतू होता, हेही दाखवावं लागतं. कायदा म्हणतो की आपणहून प्यायलेल्या माणसाला न पिता जेवढी जाणीव असती, तेवढी होतीच असं धरायचं. हेतूबद्दल मात्र असं काही धरायला हे कलम सांगत नाही. हेतू पुराव्यातूनच काढावा लागतो आणि तो काढताना माणूस किती प्यायला होता हेही पाहावं लागतं.

जाणिवेचं उदाहरण मुंबईचं आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक कार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या रक्तात दारूचं प्रमाण ०.११२ टक्के निघालं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे जवळपास चौपट! त्याला कुणाला मारायचं होतं असं कुणीच म्हणत नव्हतं. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. हायकोर्टाने मात्र २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाचा दुसरा भाग लावला. त्यात मारण्याचा हेतू लागत नाही, मृत्यू होऊ शकतो ही जाणीव पुरते. शिक्षा झाली तीन वर्षं आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. दारू पिऊन बेफाम गाडी चालवणाऱ्याला ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणता येत नाही, ते असं.

आता हेतूकडे येऊ. वकिलीच्या वर्गात पहिल्यांदा शिकवतात तो खटला बासदेवचा, तेव्हाच्या पेप्सू राज्यातला, म्हणजे आजच्या पंजाबच्या भागातला. साल १९५४, प्रसंग पुन्हा लग्नाचाच! निवृत्त जमादार बासदेव पिऊन जेवणाला आला. बसायला नीट जागा हवी म्हणून त्याने एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सरकायला सांगितलं. तो हलला नाही. बासदेवने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. मुलगा मेला.

एवढ्या नशेत खुनाचा हेतू असू शकतो का, हा प्रश्न १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला. कोर्टाने तो किती पेग प्यायला हे मोजत बसण्यापेक्षा तो काय करत होता ते पाहिलं. अधूनमधून त्याचा तोल जात होता, बोलणं अडखळत होतं. पण तो आपल्या पायांनी आला, आपली जागा आपण निवडली, गोळी झाडल्यावर पळायला बघितलं आणि पकडल्यावर माफी मागितली. म्हणजे डोकं चालू होतं. नशेने संयम सुटला, राग पटकन आला, एवढ्याने हेतू नव्हता असं होत नाही. खुनाची शिक्षा कायम राहिली. दारूचा फायदा झाला तो इतकाच की खालच्या कोर्टाने फाशीऐवजी जन्मठेप दिली होती.

मग हा मुद्दा उपयोगी पडतो कुठे? समजा, पार्टीतून निघताना तुम्ही झिंगत दुसऱ्याचीच लॅपटॉप बॅग उचलली. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. ती आपलीच वाटली, असं नशेमुळे खरंच झालं असेल, तर चोरी सिद्ध होणं अवघड. पण सकाळी उठून तोच लॅपटॉप विकायला काढलात, तर रात्रीच्या नशेची गोष्ट कोण ऐकणार?

परत मैंदर्गीला येते. मामांना मी एकच विचारलं, दांडका मारल्यावर पोरानं काय केलं? मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “दांडका विहिरीत टाकला. मोटारसायकल काढून शेतावर गेलं. पोलीस आले तेव्हा म्हणालं, मी वरातीत नव्हतोच.”

झालं! अंधारात मोटारसायकल चालवणारा, पुरावा लपवणारा आणि खोटं रचणारा माणूस शुद्धीत नव्हता, हे कुठलं कोर्ट मानेल? दुखापतीच्या कलमाला तर जाणीवही पुरते आणि ती कायदाच धरून चालतो. खुनाच्या प्रयत्नाबद्दल भांडायला जागा होती. घाव एकच होता, दांडका तिथेच सापडलेला, जुनं वैर नाही. त्यात नशा ही आणखी एक बाजू, मुख्य आधार नव्हे. “पिलेला होता” हे कोर्टात पहिलं वाक्य म्हणून टाकू नका, असं मी मामांना बजावलं.

मामा शेवटी म्हणाले, “म्हणजे त्याचा बाप म्हणून मी कोर्टात काय बोलू?”

“आधी त्या पोराच्या घरी जा, मामा,” मी म्हटलं. “टाके घातलेत त्याच्या. तो तर एक घोटही न पिता वरातीत नाचत होता.”