गॅस सिलेंडरचा डिलिव्हरी कोड नेमका कधी सांगायचा? आणि सिलेंडर द्यायला नकार मिळाला तर?

'गॅसवाल्याला कोड सांगू नका, खातं रिकामं होईल,' असा एक मेसेज अनेकांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याच ग्रुपवर कुणीतरी लगेच लिहितं, 'अहो, कोड दिल्याशिवाय तो सिलेंडर देतच नाही.' दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. कोड द्यायचा असतो, पण सिलेंडर दारात आल्यावर आणि तो नीट पाहून घेतल्यावर. फोनवर आधीच सांगितलेला कोड बँकेतले पैसे नेत नाही, पण तुमचा सिलेंडर मात्र दुसऱ्याच्या घरी किंवा एखाद्या हॉटेलात नेऊ शकतो.

हे कसं होतं, ते समजण्यासाठी बुकिंगनंतर मोबाईलवर येणारे मेसेज नीट वाचायला हवेत.

तीन मेसेज, तीन वेगळे अर्थ

इंडेन, भारत गॅस किंवा एचपी, कंपनी कोणतीही असो, मेसेजचे शब्द थोडे बदलतात पण साखळी साधारण सारखीच असते. पहिला मेसेज बुकिंगचा. त्यात बुकिंग किंवा संदर्भ क्रमांक असतो. याचा अर्थ एवढाच की तुमची मागणी नोंदली गेली. सिलेंडर निघालेला नसतो.

दुसरा टप्पा पावतीचा, म्हणजे कॅश मेमोचा. एजन्सी तुमच्या नावाने बिल काढते, त्या बिलाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि सिलेंडर गाडीवर चढवण्याच्या यादीत तुमचं नाव येतं. डिलिव्हरी कोड बहुतेक वेळा याच सुमारास येतो. मेसेजमध्ये तो DAC या नावाने दिसतो. डिलिव्हरी ऑथेंटिकेशन कोड, म्हणजे सिलेंडर पोहोचल्याची खूण.

तिसरा मेसेज सिलेंडर पोहोचवल्याचा. डिलिव्हरीवाला तुमचा कोड त्याच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये टाकतो, तेव्हा कंपनीच्या नोंदीत तो व्यवहार पूर्ण होतो. थोडक्यात, कोड म्हणजे तुमची सही आहे. पूर्वी पावतीवर खरोखरची सही घ्यायचे (किंवा कुणीतरी तुमच्या वतीने ठोकून द्यायचं), तिची जागा आता या आकड्यांनी घेतली आहे.

ही पद्धत १ नोव्हेंबर २०२० पासून मोठ्या शहरांतून सुरू झाली. कारण साधं होतं. घरगुती १४.२ किलोच्या आणि व्यावसायिक १९ किलोच्या सिलेंडरच्या किलोमागच्या दरात मोठी तफावत असते. त्यामुळे घराच्या नावाने बिल फाडायचं आणि सिलेंडर हातगाडीवर किंवा ढाब्यावर चढ्या भावाने विकायचा, हा जुना धंदा आहे. ग्राहकाचा कोड मिळाल्याशिवाय डिलिव्हरी पूर्ण दाखवता येऊ नये, हा त्यावरचा उपाय. म्हणूनच सिलेंडर येण्याआधी कोड मागितला जातो, तेव्हा सावध व्हायला हवं.

समजा, असं झालं

पुण्याच्या एका उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहणारं कुटुंब घ्या. ३ तारखेला बुकिंग केलं, ५ तारखेला पावती निघाली आणि कोड आला. ६ तारखेला सकाळी अकराला फोन येतो, "ताई, गॅसवाला बोलतोय. कोड सांगून ठेवा, संध्याकाळी टाकी आणून देतो." ताई कामात असतात, सांगून टाकतात. दहा मिनिटांत मेसेज येतो की सिलेंडर पोहोचला. संध्याकाळी कुणी येत नाही. ७ तारखेला फोन केला तर उत्तर मिळतं, "तुमचा सिलेंडर तर दिलाय, सिस्टीममध्ये दिसतंय."

इथे नुकसान एका सिलेंडरपुरतं राहत नाही. कंपनीच्या नोंदीप्रमाणे तुम्हाला सिलेंडर मिळालेला आहे, त्यामुळे पुढच्या बुकिंगसाठीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. उज्ज्वला योजनेतलं घर असेल, तर वर्षभरात ठरावीक सिलेंडरवरच अनुदान मिळतं आणि न मिळालेला हा सिलेंडर त्या मोजणीत धरला जातो. पैसे ऑनलाइन भरले असतील तर तेही गेलेले असतात.

डिलिव्हरीवाला प्रत्येक वेळी चोरच असतो असं नाही, हेही सांगायला हवं. गल्लीत रेंज नसते, इमारतीत लिफ्ट नसते, दिवसाला बरेच सिलेंडर पोहोचवायचे असतात. म्हणून काही जण सकाळीच सगळे कोड गोळा करून ठेवतात. पण हेतू चांगला असला तरी त्यात धोका तुमचाच आहे. "दादा, तुम्ही वर या, लगेच सांगते," एवढं म्हणणं पुरेसं असतं.

कोड सांगण्याआधी काय पाहायचं

कोड हातात आहे तोवर तुमचं म्हणणं ऐकलं जातं. म्हणून तपासणी आधी, कोड नंतर. व्हॉल्व्हवरचं सील जागेवर आहे का ते पाहा. मग वजन. सिलेंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, ते प्रत्येक टाकीचं थोडं वेगळं असतं. समजा त्यावर १५.३ किलो लिहिलंय, तर गॅस धरून काट्यावर १५.३ अधिक १४.२, म्हणजे २९.५ किलोच्या आसपास आकडा यायला हवा. तो २७ आला तर सिलेंडर घेऊ नका. वजनकाटा सोबत ठेवणं आणि ग्राहकाने मागितल्यावर वजन करून दाखवणं हे डिलिव्हरीवाल्याचं काम आहे, तुमचा उपकार नाही.

वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचा आकडाही असतो. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही मुदत उलटून गेलेली टाकी बदलून मागा. व्हॉल्व्हला गळती आहे का, आतली रबरी रिंग आहे का, हेही तिथेच तपासून घ्या. एवढं झालं की पैसे द्या, पावती घ्या आणि मग कोड सांगा.

नकार मिळाला तर

नकार वेगवेगळ्या कारणांनी मिळतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

कोडच आला नाही म्हणून सिलेंडर परत नेतात, हे सर्वाधिक घरांत होतं. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर असतं, नंबर बंद पडलेला असतो किंवा मुलगा तो नंबर घेऊन परगावी गेलेला असतो. इथे भांडून उपयोग नाही. ज्याच्याकडे तो नंबर आहे त्याला फोन करून कोड विचारा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बुकिंगचा तपशील उघडून पाहा. त्यानंतर गॅसचं पुस्तक आणि ओळखपत्र घेऊन एजन्सीत जा आणि नंबर बदलून घ्या. पुढच्या बुकिंगची वाट पाहत बसलात तर पुन्हा हेच होईल.

"तिसरा मजला आहे, वर आणायचे पन्नास द्या, नाहीतर खाली ठेवतो," हा दुसरा प्रकार. घरपोच पोहोचवण्याचा खर्च सिलेंडरच्या किमतीतच धरलेला असतो आणि मजल्यानुसार त्यात वाढ होत नाही. पावतीवर जी रक्कम छापली आहे तेवढीच देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. उलट तुम्ही स्वतः गोदामातून सिलेंडर आणलात तर पोहोचवण्याच्या खर्चाएवढी सूट मागू शकता. खुशीने कुणी दहा-वीस रुपये देतं ती गोष्ट वेगळी, पण त्याच्यावाचून सिलेंडर अडवता येत नाही.

तिसरा प्रकार जास्त त्रासाचा. तुम्ही घरात असता आणि नोंद होते, 'दार बंद होतं.' किंवा वर सांगितल्याप्रमाणे सिलेंडर न येताच 'पोहोचला' असा मेसेज येतो. यात वेळ महत्त्वाची आहे. त्याच दिवशी मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, आलेल्या फोनची वेळ लिहून ठेवा आणि एजन्सीला फोन करून पावती क्रमांक सांगा. 'बघतो' यावर फोन ठेवू नका, तक्रार क्रमांक मागा.

एजन्सीने दाद दिली नाही तर १८००-२३३३-५५५ या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. तिन्ही सरकारी तेल कंपन्यांसाठी हा एकच नंबर आहे. तक्रार नोंदवताना रागाची कहाणी कमी आणि तपशील जास्त द्या. वरच्या उदाहरणात ताईंनी असं सांगायला हवं: "ग्राहक क्रमांक अमुक, पावती क्रमांक अमुक, ६ तारखेला सकाळी ११ वाजता फोनवर कोड घेतला, सव्वाअकराच्या आत पोहोचल्याचा मेसेज आला, सिलेंडर मिळालेला नाही." कोड स्वतःच दिला हे लपवू नका. कोड कोणत्या वेळी टाकला गेला ते कंपनीच्या नोंदीत असतं, आणि तुमची वेळ त्याच्याशी जुळली तर तक्रारीला वजन येतं.

घरपोच न देणं आणि जादा पैसे घेणं यावर वितरकाला दंड करण्याची तरतूद तेल कंपन्यांच्या नियमावलीत आहे. त्यामुळे लेखी नोंद झालेल्या तक्रारीला एजन्सी सहसा फोनपेक्षा लवकर उत्तर देते. तरीही काही हललं नाही तर केंद्र सरकारच्या pgportal.gov.in वर पेट्रोलियम मंत्रालयाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. एक घोळ मात्र टाळा. १९०६ हा नंबर फक्त गॅसगळतीसारख्या तातडीच्या प्रसंगासाठी आहे, सिलेंडर उशिरा आला म्हणून तिथे फोन लावू नका.

त्याच एजन्सीचा वारंवार त्रास होत असेल तर वितरक बदलता येतो. २०२१ मध्ये पुण्यासह पाच शहरांत प्रायोगिक स्वरूपात सिलेंडर भरून घेताना आपल्या भागातला वितरक निवडण्याची सोयही सुरू झाली होती. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर आपल्या पत्त्यावर कोणते वितरक दिसतात ते पाहून ठेवा.

आणि ते खातं रिकामं होण्याचं काय?

सिलेंडरचा कोड तुमच्या बँकेशी जोडलेला नाही. फसवणूक करणारे त्याच्या नावाचा वापर करतात, एवढंच. "तुमचं गॅस कनेक्शन आज बंद होणार, ही फाइल उघडा," किंवा "अनुदान जमा करायचंय, आलेला ओटीपी सांगा," असे फोन येतात. फरक मेसेजमध्येच दिसतो. गॅसच्या कोडच्या मेसेजमध्ये पावतीचा किंवा बुकिंगचा उल्लेख असतो. बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये बँकेचं नाव आणि बहुतेक वेळा रक्कम असते. तो ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी दारात सिलेंडर घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही नाही. चुकून सांगितला आणि पैसे गेले, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि लगेच आपल्या बँकेला फोन करा.