थोरली पाती महान कशी झाली?

‘कुमारजी देवासला आले, त्या आधी गावावर महान पाती आणि लहान पाती अशी दोन घराणी राज्य करीत.’ देवासच्या एका दहावीतल्या मुलीने मराठी निबंधात लिहिलेले हे वाक्य. मुलगी माझ्या मावसबहिणीची, घरी मराठी, शाळेत हिंदी. तिकडच्या एका स्पर्धेसाठी तिने कुमार गंधर्वांवर निबंध लिहिला आणि ‘मामा, जरा तपासून पाठवा’ म्हणून माझ्याकडे धाडला. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, पुढे देवासकर झालेले, म्हटल्यावर मी तो आवडीने वाचायला घेतला.

देवासचा इतिहास माहीत असणाऱ्यांना गंमत लगेच कळेल. तिथे पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, हा प्रकार १९४८ पर्यंत चालला. यातले ‘थोरली’ म्हणजे वयाने, मानाने वडील शाखा, जसे आपण थोरला भाऊ म्हणतो. मुलीने समानार्थी शब्दांच्या पुस्तकात ‘थोर’ काढले, समोर ‘महान’ सापडले, ते लिहिले. थोरल्या भावाला कोणी महान भाऊ म्हणत नाही, पण पुस्तक ते कसे सांगणार? अशा पुस्तकात शब्दासमोर शब्द असतात, वाक्य नसते. एका शब्दाचे दोन अर्थ असले तर त्या रांगेत दोन्ही अर्थांचे सोबती गर्दी करून उभे राहतात, आणि त्यातला कोणता आपला, हे ओळखायचे काम वाचणाऱ्याचे.

मी बहिणीला फोन करून विचारले, कच्ची वही आहे का? होती. निबंध दुरुस्त करताना सगळ्यात उपयोगी पडते ती ही वही, कारण मुलीने मुळात काय म्हटले होते ते त्यात असते. पक्क्या प्रतीत नुसता चुकीचा शब्द दिसतो. त्याच्या जागी आधी कोण होते हे कळले की अर्धे काम झाले. कच्च्या वहीत साधी, सरळ वाक्ये होती. बाईंनी म्हणे शेरा दिला होता, ‘शब्दसंपत्ती वाढव.’ मग पोरीने एका रविवारी बसून संपत्ती वाढवली.

वही हाताशी नसेल तर बदललेला शब्द ओळखायचा कसा? पुष्कळदा व्याकरणच चुगली करते. ‘डॉक्टरांनी गाण्यास प्रतिबंध केली’ असे एक वाक्य होते. प्रतिबंध पुल्लिंगी, मग ‘केली’ कुठून आले? ते जुन्या ‘मनाई’चे. शब्द गेला, त्याचे क्रियापद मागे राहिले. कुमारजी क्षयाने आजारी पडून १९४८ साली देवासला आले, त्यांचे गाणे काही वर्षे बंद होते. घरात आजाऱ्याला सांगितली जाते ती मनाई. प्रतिबंध हा कायद्याचा नाही तर रोगाचा. इथे मनाईच परत घातली.

पण लिंग जुळले की ही खूण मिळत नाही, आणि नेमकी तिथेच मोठी चूक दडते. कच्च्या वहीत होते, ‘भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली.’ पक्क्यात, ‘भानुमतीबाईंनी त्यांची चाकरी केली.’ व्याकरण बिनचूक. पण ज्या पत्नीने त्या दिवसांत नोकरी करून घर सांभाळले आणि आजारी नवऱ्याला उभे केले, ती या एका शब्दाने पगारी मोलकरीण झाली. मजा अशी की ‘सेवाचाकरी’ म्हटले असते तर चालले असते. जोडशब्दात चाकरीला सेवेची माया लागते, एकटी उभी राहिली की तिचा पगार आठवतो.

‘जुन्या बंदिशी’च्या ‘जीर्ण बंदिशी’ झाल्या होत्या, तेही असेच. जीर्ण वस्त्र असते, देऊळ असते, देह असतो; जे झिजते आणि कोसळू शकते ते जीर्ण. जुनी बंदिश गाऊन झिजत नाही. अशा वेळी मी मुलांना सांगतो, नवा शब्द पुन्हा उलटा शोधा, पण समानार्थी पुस्तकात नव्हे. अर्थ आणि वापराचे दाखले देणाऱ्या कोशात बघा. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश कॉलेजच्या ग्रंथालयात असतो. शब्दाच्या शेजारी नेहमी कोण बसते ते बघा, आणि आपले वाक्य त्या शेजारात शोभते का ते बघा.

आता आपल्या दुभाषी घरांसाठी खास. मुलीने लिहिले होते, ‘कुमारजींनी माळव्याची लोकगीते समजून घेण्याची चेष्टा केली.’ मी दोनदा वाचले. आजारपणात कानावर पडणाऱ्या ज्या लोकगीतांतून त्यांनी पुढे नवे राग घडवले, त्यांची हा माणूस चेष्टा करील? तिने ‘प्रयत्न’ साठी शाळेतली हिंदी यादी उघडली होती. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. आपली पोरे इथे फसणार नाहीत, कारण कन्नडमध्येही ‘चेष्टे’ म्हणजे खोडी, थट्टाच. ती दुसरीकडे फसतात. ‘अंदाज’ समोर ‘अनुमान’ दिसले की घरातले कन्नड कानात बोलते, ‘ननगे अनुमान इदे’, मला शंका आहे. मग शंकेच्या जागी अनुमान जाते आणि वाक्य भलतेच सांगू लागते. ‘अवसर’चे तसेच, तिकडे घाई, इकडे संधी. परका शब्द पाहिला की मूल निदान थबकते; ओळखीचा चेहरा दिसला की विचारपूस न करता आत घेते.

शेवटच्या परिच्छेदात, ‘१२ जानेवारी १९९२ रोजी ते देवास येथे गतप्राण झाले.’ अर्थ खोटा नाही, सूर मात्र लढाईच्या वर्णनातला किंवा अपघाताच्या बातमीतला. गेले, वारले, निधन झाले, कालवश झाले, मराठीत या गोष्टीला नात्यागणिक शब्द आहे. मुलीने आधी ‘ते गेले’ लिहिले होते. पूर्ण निबंधात ती ‘कुमारजी’ म्हणते, म्हणजे जवळीक आहेच. मी ‘गेले’ राहू दिले. बहीण फोनवर म्हणाली, ‘अरे, फारच साधं वाटत नाही का?’ निबंधाचा बाकीचा सूर साधाच आहे, मग हे एक वाक्य कशाला रेशमी?

असे अकरा शब्द मी मागे फिरवले, एक मात्र ठेवला. कच्च्या वहीत होते, ‘लहानपणापासून त्यांना गाण्याचा नाद होता.’ तिने नाद खोडून ‘ध्यास’ घातला होता. नाद पतंगाचाही असतो, पत्त्यांचाही, आणि संगीतावरच्या निबंधात नाद म्हणजे ध्वनी हा अर्थ मध्ये लुडबुडतो. हा का बदललास विचारले, तर म्हणाली, ‘मामा, नाद सुटतो. बोलायचीसुद्धा मनाई असताना यांचं गाणं डोक्यातून सुटलं नव्हतं ना?’