सारांश स्वीकारला, पण व्हिसा?

२०२२ च्या जुलैअखेरीस कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, तेव्हा उद्घाटनाच्या सत्रातच निदर्शने झाली. कारण औषधांच्या किमती नव्हते, व्हिसा होते. एचआयव्हीचा भार सर्वाधिक सोसणाऱ्या आफ्रिकी देशांतील अनेक प्रतिनिधींना व्हिसा नाकारला गेला होता, काहींच्या अर्जांवर परिषद सुरू होईपर्यंत निर्णयच झाला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यान्यिमा यांनाही जिनिव्हाच्या विमानतळावर अडचणींना तोंड द्यावे लागले. प्रमुखांची ही गत, तर पहिल्यांदाच पोस्टर घेऊन निघालेल्या संशोधकाचे काय?

याच परिषदेचा इतिहास पाहिला, तर १९९२ ची परिषद बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली होती. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. ती उठल्यावर २०१२ मध्ये परिषद वॉशिंग्टनला परतली. तेव्हा अडवणूक कायद्याची होती. मॉन्ट्रियलमध्ये असा कायदा नव्हता. होता तो उशीर आणि ‘हा माणूस परत जाईल का’ हा संशय. आपल्याकडच्या तरुण संशोधकांची गाठही याच दोन गोष्टींशी पडते. २०२४ मध्ये भारतातून युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १५ टक्के नाकारले गेले. हे आकडे सर्व प्रकारच्या प्रवाशांचे आहेत, पण संशोधकाची फाइल त्याच खिडकीतून जाते.

एक उदाहरण घेऊ. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एक तरुणी क्षयरोगावर संशोधन करते. शिष्यवृत्ती महिना ३७ हजार रुपये. युरोपातील परिषद नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि जुलैच्या मध्यावर तिला सारांश स्वीकारल्याचा मेल येतो. चार महिने हातात आहेत, असे वाटते. प्रत्यक्षात तेवढे नसतात.

निमंत्रणपत्रासाठी आयोजक आधी नोंदणी शुल्क मागतात. महाविद्यालयाकडे रजा आणि ना-हरकत प्रमाणपत्र मागायला गेले की कार्यालयातून उत्तर येते, ‘मॅडम, आधी अनुदानाचे पत्र आणा, मग रजेचे बघू.’ अनुदान देणारी संस्था निमंत्रणपत्र आणि संस्थाप्रमुखांची शिफारस मागते. व्हिसाच्या अर्जाला या सगळ्याच गोष्टी हव्या असतात. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाची वाट पाहत बसतो आणि सप्टेंबर उलटून जातो.

आता उलटीकडून मोजू. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण काही अर्जांत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. हे ४५ दिवस गृहीत धरले, तर अर्ज सप्टेंबरअखेरीस आत गेला पाहिजे. अर्ज देण्याची वेळ आधी ठरवावी लागते आणि ती मागितल्या दिवशी मिळेलच असे नाही, म्हणून तिची नोंद ऑगस्टमध्येच करावी. अनुदानाचा निकाल मात्र ऑक्टोबरमध्ये लागू शकतो. म्हणजे पैसे कोण देणार हे ठरण्याआधीच व्हिसाचा अर्ज करावा लागतो. बहुतेक तरुण नेमके येथेच चुकतात आणि अनुदानाच्या पत्रासाठी थांबतात.

थांबण्याची गरज नसते. व्हिसा अधिकाऱ्याला खर्चाची सोय दिसली पाहिजे. ती अनुदानातूनच व्हावी असा नियम नाही. वडील किंवा आई खर्च करणार असतील, तर त्यांचे हमीपत्र, त्यांच्या खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा, प्राप्तिकर विवरणपत्र आणि नात्याचा पुरावा जोडावा. याऐवजी घरोघरी एक वेगळाच उपाय होतो: अर्जाच्या आठवडाभर आधी मुलीच्या खात्यात दोन लाख रुपये भरले जातात. हेतू चांगला असतो, पण ३७ हजारांच्या खात्यात अचानक आलेली एवढी रक्कम संशय वाढवते. पैसा ज्याचा आहे, त्याच्याच खात्यात दिसू द्यावा.

तसेही अनुदानाच्या भरवशावर खिसा मोकळा राहत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या संस्था प्रवासासाठी मदत देतात, पण अशी मदत बऱ्याचदा परत आल्यावर, तिकिटे, पावत्या आणि बोर्डिंग पास जोडल्यानंतर हाती पडते. आधी खर्च करायचा आणि मग वाट पाहायची. खुद्द आयोजकांची शिष्यवृत्ती मात्र अनेकदा नोंदणी शुल्क किंवा विमान तिकीट थेट भरते. तिचा अर्ज सारांश पाठवतानाच करावा लागतो, हे अनेकांना उशिरा कळते.

निमंत्रणपत्राकडून फार अपेक्षाही ठेवू नये. ‘आम्ही कोणताही खर्च उचलणार नाही’ असे वाक्य त्यात हमखास असते. परिषद खरी आहे आणि या व्यक्तीला तेथे काम आहे, एवढेच ते सांगते. म्हणून त्यात सारांशाचा क्रमांक, भाषण आहे की पोस्टर, तारखा आणि स्थळ आहे की नाही हे पाहावे. शिवाय नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रचना असते, तर सारांशात नुसती आद्याक्षरे आणि आडनाव. पत्रातले नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. नोंदणी करतानाच ते तसे भरावे. (सारांश न पाठवताच स्तुतीने भरलेले ‘निमंत्रण’ आले, तर ते सरळ कचऱ्यात टाकावे. तेथे फक्त शुल्क खरे असते.)

नकाराच्या पत्रात ठरावीक कारणांच्या यादीतील एकावर खूण केलेली असते. तरुण, अविवाहित आणि तुटपुंजी शिष्यवृत्ती असलेल्या अर्जदारांच्या वाट्याला बऱ्याचदा येते ते कारण म्हणजे, मुदतीत परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका. त्याला उत्तर बँकेच्या शिलकीत नसते. शिष्यवृत्ती कधीपर्यंत चालू आहे, रुजू होण्याची तारीख कोणती, प्रयोगशाळेत कोणते काम तिच्यावाचून अडेल, हे मार्गदर्शकांनी दोन परिच्छेदांत लिहावे. अधिष्ठात्यांच्या सहीच्या रजामंजुरीत तारखा असाव्यात. ‘अनुदान मिळाल्यास’ अशी अट मात्र त्यात नसावी, नाहीतर परतीचाच नव्हे, जाण्याचाही हेतू अधांतरी दिसतो. विभागाने ‘अनुदान न मिळाल्यास स्वखर्चाने’ एवढे चार शब्द घातले, तरी कार्यालयातील कोंडी सुटते.

नकारानंतर अपील करता येते, पण परिषदेच्या तारखेला ते क्वचितच गाठते. वेळ उरला असेल, तर राहिलेली त्रुटी भरून नव्याने अर्ज करणे व्यवहार्य ठरते. तोवर तिकिटाची नुसती राखीव नोंद पुरते. परत न करता येणारे तिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी घेऊ नये. व्हिसा नाकारल्यास अनेक आयोजक थोडी कपात करून नोंदणी शुल्क परत करतात, मात्र नकारपत्र ठरलेल्या तारखेच्या आत पाठवावे लागते. पोस्टर सहलेखकाने मांडावे का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्यावे. या तरुणीच्या सारांशावर तिच्या मार्गदर्शकांचेही नाव आहे आणि त्यांच्याकडे आधीचा, अजून मुदत न संपलेला व्हिसा आहे. त्यामुळे पोस्टर युरोपात पोहोचू शकेल. मात्र दोन वर्षे थुंकीचे नमुने जिने तपासले, तिला त्याबद्दलचे प्रश्न मार्गदर्शकांच्या तोंडून, परतल्यावर कळतील.