कुलूप लावणाऱ्याचा हिशेब

नंदुरबार शहरातील एका व्यायामशाळेने, जिला आता लहानथोर सर्वजण जिमच म्हणतात, 31 ऑगस्ट 2025 च्या रात्री सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन ओळींची सूचना टाकून येथील शाखा कायमची बंद केली. ज्यांनी एप्रिलमध्ये बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते त्यांत मीही होतो, म्हणून उरलेल्या सात महिन्यांच्या परताव्याचे मागणीपत्र मी व्यवस्थापनास धाडले. त्यावर जे उत्तर आले ते केवळ मला आलेले नाही. किंचित शब्दभेदाने ते प्रत्येक सभासदास मिळाले आहे, आणि अनेकांनी ते वाचून मुकाट्याने आशा सोडली आहे. म्हणून त्यातील हरकतींचा परामर्श जाहीरपणे घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिली हरकत पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली आहे: ‘भरलेली वर्गणी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ या अटीचे प्रयोजन मला मान्य आहे. सभासदाचा उत्साह दुसऱ्या महिन्यात ओसरला, त्याची बदली झाली किंवा त्याने दुसरी जिम धरली, तर जिमने त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा व यंत्रे यांचा भुर्दंड तिने का सोसावा? परंतु ही अट सभासदाने पाठ फिरवण्याच्या प्रसंगासाठी आहे; ज्याने स्वतःच दार बंद केले त्याने तिचा आश्रय घेणे म्हणजे आपल्याच करारभंगाचा मोबदला दुसऱ्याकडून वसूल करणे होय. 1872 च्या करार अधिनियमाचे कलम 39 सांगते की, एका पक्षाने आपले वचन पाळण्यास पूर्णतः नकार दिला किंवा स्वतःला ते पाळण्यास असमर्थ करून घेतले, तर दुसऱ्या पक्षास करार संपुष्टात आणता येतो. येथे सेवा नाकारणारा कोण, हे शाखेच्या शटरवरील कुलूपच सांगते.

दुसरी हरकत वरकरणी उदार आहे: ‘आपले सभासदत्व शहाद्याच्या शाखेत वर्ग करून देऊ.’ नंदुरबारहून शहाद्यास जाणारा मनुष्य प्रकाशाजवळ तापी ओलांडतो. तासाभराच्या व्यायामासाठी पहाटे हा प्रवास रोज करून दहा वाजता कचेरीत हजर राहणे कोणास शक्य आहे, हे व्यवस्थापनाने सांगितलेले नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडून पोलीस भरतीच्या तयारीसाठी येऊन येथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना तर हा प्रस्ताव थट्टाच वाटावा. बदली सेवेचा प्रस्ताव ठेवण्याचा जिमला अधिकार आहे, पण तो स्वीकारण्याची सक्ती सभासदावर नाही. मात्र या प्रस्तावावर संकोचापोटी ‘बरे, पाहू’ असे उत्तर कोणी पाठवू नये, कारण तेच मागाहून संमती म्हणून पुढे केले जाण्याचा संभव असतो. नकार द्यावयाचा तो लेखी व त्याच आठवड्यात द्यावा.

तिसरी हरकत मात्र खरोखर चतुर आहे, आणि तिला भुलून अर्ध्या रकमेवर तडजोड केलेले गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. माझी वार्षिक वर्गणी 10,800 रुपये, तीवर 18 टक्के जीएसटीचे 1,944, असे एकूण 12,744 रुपये मी 1 एप्रिल रोजी भरले. म्हणजे महिन्यास 1,062 रुपये पडले आणि न वापरलेल्या सात महिन्यांचे 7,434 रुपये होतात. व्यवस्थापन म्हणते की, हा दर वर्षभराच्या सवलतीचा आहे. आपण पाचच महिने आलात, तेव्हा त्या पाच महिन्यांची आकारणी सुट्या मासिक दराने, म्हणजे 1,500 रुपये अधिक कर धरून 1,770 रुपयांनी होईल. त्याप्रमाणे 8,850 रुपये वजा जाता बाकी 3,894 रुपये देऊ, तेही ‘सदिच्छेखातर’! सवलत मी वर्षाचे पैसे एकरकमी मोजून मिळविली होती आणि माझ्याकडून त्या सौद्यातले काहीही बाकी नव्हते. वर्ष अपुरे राहिले ते त्यांच्या कृतीने. तेव्हा गत महिन्यांचा दर मागाहून वाढवून 3,540 रुपये स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार त्यांना कोठून प्राप्त झाला? मीच मध्यंतरी सोडून गेलो असतो, तर ही आकारणी वादाचा विषय होऊ शकली असती. आज ती तशी नाही.

‘कर तर सरकारजमा झाला’ ही चौथी सबब अज्ञानाची किंवा अज्ञानाच्या सोंगाची आहे. पुरवलेली सेवा कमी ठरली, तर विक्रेत्याला क्रेडिट नोट काढून कराचा बोजा त्या प्रमाणात कमी करून घेण्याची सोय जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये आहे, आणि 2025-26 या आर्थिक वर्षातील पावतीसाठी तिची अंतिम मुदत 30 नोव्हेंबर 2026 आहे. वर्गणीसोबत घेतलेला कर परताव्यासोबत परत द्यावा लागतो.

एवढे खंडन झाल्यावर मागणीचा पाया कोणता, ते सांगितले पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार पैसे घेऊन सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी आहे. इतकेच नव्हे, तर त्रुटीची सेवा बंद करून तिचे मूल्य बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत न करणे यास तो अधिनियम अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. म्हणून माझ्या पत्रात तीस दिवसांची मुदत घातली आहे. रकमेचा वरील हिशेब मांडला आहे. पावतीची व यूपीआय व्यवहाराची नक्कल, गटावरील सूचनेचे छायाचित्र आणि बंद शटरचा तारखेसह फोटो जोडला आहे. पत्र स्पीड पोस्टाने, पोहोचपावतीसह, दोन पत्त्यांवर गेले: पावतीवर ज्याचे नाव व जीएसटी क्रमांक आहे त्या स्थानिक चालकास, आणि ज्याचे नाव फलकावर झळकत होते त्या मूळ कंपनीस. ‘शाखा फ्रँचायझीची होती, आमचा संबंध नाही’ हे उत्तर अपेक्षित असल्याने दोघांनाही पक्षकार करणे हेच शहाणपणाचे.

दाद नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते, कारण कंपनीची कचेरी पुण्यात असो वा मुंबईत, 2019 च्या कायद्याने तक्रारदारास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ‘परतावा नाही’ ही अटच अनुचित करार म्हणून रद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगास नसून राज्य आयोगास आहे. तेव्हा जिल्ह्याच्या तक्रारीत भर अट रद्द करण्यावर न देता सेवेतील त्रुटीवर व रकमेच्या परताव्यावर द्यावा.

आणि या सर्व मार्गाची एक मर्यादाही लपवणे बरे नव्हे. 1932 साली मुंबईत सुरू होऊन पुढे देशभर शाखा पसरलेल्या तळवलकरांच्या व्यायामशाळेची कंपनी 2019 मध्ये कर्जफेडीत चुकली, तेव्हा नाव कितीही जुने असले तरी आगाऊ वर्गणी ही वस्तुतः जिमला दिलेले बिनतारणी कर्जच असते, हे दिसून आले. चालक कंपनी नादारी संहितेखाली गेली, तर तिच्याविरुद्धची प्रकरणे स्थगित होतात. मग नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दावा नोंदवणे एवढेच हाती उरते, आणि बँकांच्या मागे उभ्या राहिलेल्या सभासदाच्या वाट्यास बहुधा फार थोडे येते. येथील चालक मात्र नादार नाही. त्याचे शहाद्याचे दुकान सुरळीत चालू आहे.

तेव्हा नंदुरबारच्या सहसभासदांना माझी विनंती इतकीच की, गट बंद होण्यापूर्वी त्यातील सूचना जपून ठेवा, 3,894 सारख्या आकड्यावर ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहून सही करू नका, आणि ध्यानात ठेवा की तक्रारीस कायद्याने दोन वर्षे दिली असून ती 2027 च्या ऑगस्टअखेर संपतात.